थायलंडच्या सहलीसाठी परकीय चलन: विमानतळ, मनीचेंजर, फॉरेक्स कार्ड की आपलंच कार्ड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की हेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. हिशेब सगळीकडे एकाच उदाहरणावर आहे. पुण्याचं एक जोडपं मुंबईहून बँकॉकला आणि तिथून क्राबीला जाणार आहे. विमान आणि हॉटेलचे पैसे आधीच भरलेत. तिथे खायला-प्यायला, फिरायला आणि खरेदीला मिळून ३२,००० बात लागतील. बाजारात डॉलर ९० रुपयांना आणि एका डॉलरला ३२ बात, म्हणजे बात सुमारे २.८१ रुपयांना, असं धरलं आहे. हे दर हिशेबापुरते आहेत. तुम्ही जाल तेव्हा ते बदललेले असतील, पण एका पर्यायापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर साधारण असंच राहतं.

१. गुगलवर बात २.८१ दिसतो, मग मला कोणीच त्या दराने का देत नाही?

गुगलवर दिसतो तो खरेदी आणि विक्रीच्या मधला दर. बँका एकमेकींशी मोठे व्यवहार त्याच्या आसपास करतात. धंद्यातले लोक त्याला आयबीआर म्हणतात आणि आपला भाव "आयबीआरवर अमुक पैसे" असा सांगतात. किरकोळ गिऱ्हाईकाला तो दर मिळत नाही, पण मोजपट्टी म्हणून तो फार कामाचा आहे. कुठलाही भाव ऐकला की तो या दरापासून किती टक्के लांब आहे, एवढंच पाहायचं.

बँकेचा रोजचा दरतक्ता उघडलात तर एकाच चलनासमोर बरेच रकाने दिसतील. खात्यातून परदेशी पाठवण्याचा दर वेगळा, ट्रॅव्हल कार्डाचा वेगळा, नोटांचा वेगळा. नोटा सर्वांत महाग असतात, कारण त्या आणाव्या लागतात, विमा उतरवून तिजोरीत ठेवाव्या लागतात आणि विकल्या जाईपर्यंत पैसा अडकून पडतो. डॉलरची उलाढाल भरपूर असल्यामुळे त्यावरचा नफा कमी असतो. बातच्या नोटा इथे कमी खपतात, म्हणून त्यांच्यावर जास्त नफा लावतात. पाचव्या प्रश्नाचं मूळ यातच आहे.

२. "शून्य कमिशन" लिहिलेल्या काउंटरवर खरंच काही आकारत नाहीत का?

आकारतात, फक्त ते दरातच घातलेलं असतं. कमिशन शून्य ठेवून दर तीन टक्के चढवला तर पाटी खोटी ठरत नाही आणि खिशाला चाट बसायची ती बसतेच. म्हणून दर विचारू नका आणि कमिशनही विचारू नका. एकूण रुपये विचारा. फोनवर सरळ म्हणायचं: "साहेब, उद्या हजार डॉलर हवेत, शंभरच्या नोटांत. जीएसटी आणि सगळे आकार धरून तुम्हाला एकूण किती द्यायचे?" हाच प्रश्न तीन ठिकाणी विचारला की तुलना आपोआप होते. दुसऱ्या दुकानात पहिल्याचा आकडा सांगितला तर वीस-तीस पैसे उतरतातही. भाजीबाजारासारखी घासाघीस इथेही चालते, लोक करत नाहीत एवढंच.

जीएसटीला उगाच घाबरू नका. चलन-बदलाच्या पूर्ण रकमेवर तो लागत नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का ही सेवेची किंमत धरतात, किमान २५० रुपये, आणि तिच्यावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे किमान ४५ आणि जास्तीत जास्त १८० रुपये. एक लाखाच्या पुढे दर आणखी खाली येतो. "जीएसटीमुळे महाग पडतंय साहेब" असं कोणी हजारांच्या फरकाबद्दल म्हणाला, तर गोम दरात आहे.

३. चारही पर्यायांत नेमका किती रुपयांचा फरक पडतो?

३२,००० बात हातात पडायला, किंवा तेवढा खर्च व्हायला, लागणारे एकूण रुपये असे:

| पर्याय | धरलेला दर | एकूण रुपये |
|---|---|---|
| मुंबई विमानतळावर बातच्या नोटा | ३.१० | ९९,३७९ |
| शहरातल्या मनीचेंजरकडे बातच्या नोटा | २.९३ | ९३,९२९ |
| शहरात डॉलर घेऊन बँकॉकला बात | डॉलर ९०.८०, तिथे ३१.९० | सुमारे ९१,२५० |
| बात भरलेलं फॉरेक्स कार्ड | २.९० | ९३,३२१ |
| साधं क्रेडिट कार्ड, मार्कअप ३.५ टक्के | २.८२ | ९३,९६७ |
| मार्कअप नसलेलं कार्ड | २.८२ | ९०,२४० |

बाजारभावाने हेच बात ९०,००० रुपयांचे. मार्कअप म्हणजे परदेशी खर्चावर कार्डाची बँक लावते तो जादा आकार, त्याच्या ओळीत त्यावरचा जीएसटीही धरला आहे. नोटा आणि फॉरेक्स कार्डाच्या ओळींत चलन-बदलावरचा जीएसटी धरला आहे. फॉरेक्स कार्डाच्या ओळीत कार्ड काढायचे ३०० रुपये आणि त्यावरचा जीएसटीही आहे. पूर्वीचं कार्ड घरात असेल तर तेवढे वाचतील. डॉलरच्या ओळीत दोन्ही वेळचं नुकसान धरलं आहे.

सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त पर्यायांत नऊ हजारांहून जास्त अंतर आहे. शहरातले बात, फॉरेक्स कार्ड आणि साधं क्रेडिट कार्ड हे तीन मात्र एकमेकांपासून सातशे रुपयांच्या आत आहेत. म्हणून फॉरेक्स कार्ड की क्रेडिट कार्ड यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही. विमानतळ टाळणं आणि आठव्या प्रश्नातली चूक न करणं यांत जास्त पैसे वाचतात.

४. विमानतळावरचं काउंटर इतकं महाग का? तिथून कधीच घेऊ नये का?

जागेचं भाडं भारी असतं, काउंटर रात्रभर उघडं ठेवावं लागतं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला वेळ नसतो. बँकॉकची बरीच विमानं रात्री-पहाटे सुटतात, त्या वेळी घासाघीस करायला कोणी थांबत नाही.

याला एक अपवाद आहे. काही मनीचेंजर ऑनलाइन बुकिंग घेतात, थोडी रक्कम आगाऊ घेऊन दर पक्का करतात आणि नोटा विमानतळावरच्या त्यांच्या काउंटरवर देतात. तो दर शहरातल्या दराच्या जवळ असतो. त्याच काउंटरवर बुकिंग न करता गेलात तर पाटीवरचा दर लागतो. बुकिंग कामाच्या दिवशी दिवसा करा. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो आणि सोमवारी दर वर उघडला तर नुकसान नको म्हणून विक्रेता नफा थोडा वाढवून ठेवतो.

काहीच तयारी न करता विमानतळावर पोहोचलात तर फार तर पन्नास-शंभर डॉलर घ्या. बाकीचं तिथे उतरल्यावर बघा.

५. थायलंडला जायचं, मग बातच नेऊ ना? डॉलर कशाला?

दोनदा चलन बदललं की दोनदा नुकसान, हा नियम बहुतेक देशांना लागू आहे. युरोपला जाताना युरोच घ्यावेत, डॉलर नेऊन तिथे बदलू नयेत. थायलंडमध्ये गणित उलटं होतं, कारण डॉलर इथे पातळ नफ्यावर मिळतो आणि बँकॉकमध्ये चलन बदलणाऱ्यांची स्पर्धा इतकी आहे की तिथले चांगले काउंटर बाजारभावाच्या अगदी जवळ देतात. आपल्या हिशेबात डॉलर घेताना सुमारे एक टक्का गेला आणि बात घेताना एक टक्क्याच्या तिसऱ्या भागाएवढा. सरळ बात घेताना मात्र एकदमच चार टक्क्यांहून जास्त गेले.

बात घेण्याची जागा चुकली तर हा फायदा उडतो. सुवर्णभूमी विमानतळावर बॅगा घेऊन बाहेर पडताच बँकांची काउंटर दिसतात, त्यांचा दर शहरापेक्षा बराच पडेल असतो. तिथे थांबू नका. सरकत्या जिन्याने सर्वांत खालच्या, B या मजल्यावर जा. शहरात जाणाऱ्या एअरपोर्ट रेल लिंकचं स्टेशन तिथेच आहे आणि त्याच्या आसपास सुपररिचसारख्या मनीचेंजरची छोटी काउंटर आहेत. तिथला दर शहरातल्यासारखाच असतो. पासपोर्ट दाखवावा लागतो. रात्री उशिरा उतरत असाल तर ती बंद असू शकतात. मग टॅक्सीपुरते वीस डॉलर वर बदला आणि उरलेले दुसऱ्या दिवशी शहरात.

पुढे क्राबीला जाणाऱ्यांनी तिथले बातही बँकॉकमध्येच करून घ्यावेत. समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत दर उतरतो.

६. डॉलरच्या नोटा घेताना काय बघायचं?

शंभरच्या नोटा मागा. बँकॉकच्या दरफलकावर डॉलरच्या तीन-चार ओळी असतात. सर्वांत वर मोठ्या नोटांचा दर, खाली वीस-दहा-पाचचा, त्याखाली एक-दोनचा, आणि प्रत्येक ओळीला दर उतरत जातो. टॅक्सीसाठी म्हणून सगळे वीस-वीसचे घेतले तर पाचव्या प्रश्नातला फायदा निम्मा संपेल. दोन-तीन लहान नोटा ठीक आहेत.

काउंटर सोडण्याआधी प्रत्येक नोट उलटून बघा. पेनाची खूण, शिक्का, चीर, पाण्याचा डाग किंवा चिकटपट्टी दिसली तर तिथेच बदलून घ्या. आपल्याकडे नोटेवर आकडा लिहिलेला कोणाला खटकत नाही, तिथे तीच नोट परत करतात किंवा कमी दर लावतात. जुन्या छपाईची, लहान चेहऱ्याची शंभरची नोटही नाकारली जाऊ शकते, तेव्हा निळी पट्टी असलेली नवी मागा. आणि नोटांची घडी घालू नका.

७. कागदपत्रं कोणती लागतात, आणि रोख किती नेता येतं?

पासपोर्ट, पॅन, परतीचं तिकीट, लागत असेल तर व्हिसा, आणि काउंटरवर भरायचा ए-२ फॉर्म. पैसे प्रवाशाच्या स्वतःच्या खात्यातून द्यावेत. भावाने जीपे केलेलं बरेच विक्रेते घेत नाहीत, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. रुपये रोखीने देऊन चलन घ्यायचं असेल तर रक्कम ५०,००० रुपयांच्या आत हवी. त्यापुढे खात्यातून किंवा चेकने.

परकीय नोटा एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत मिळतात. त्याहून जास्त लागलं तर कार्डावर. मोजक्याच देशांसाठी ही मर्यादा वेगळी आहे, थायलंड त्यांत नाही. भारतीय नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंत सोबत असल्या तरी चालतात. परतताना मुंबईत उतरून घरी जायला लागतातच.

८. फॉरेक्स कार्ड घेतलं, त्यात डॉलर भरले, तरी थायलंडमध्ये जास्त पैसे गेले. असं का?

सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. फॉरेक्स कार्डाचा फायदा फक्त भरलेल्या चलनातच खर्च केला तर मिळतो. डॉलरचं कार्ड बात मागणाऱ्या मशीनवर लावलं की बँक डॉलरचे बात करते आणि त्यावर क्रॉस करन्सी आकार लावते. तो बहुधा दोन ते साडेतीन टक्के असतो. म्हणजे डॉलर भरताना एकदा नफा दिला आणि खर्च करताना पुन्हा. एवढं करून कार्ड साध्या क्रेडिट कार्डाइतकंच, कधी त्याहूनही महाग पडतं. पाचव्या प्रश्नात डॉलरची शिफारस केली ती नोटांसाठी आहे, कार्डासाठी नाही.

म्हणून कार्ड घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: या कार्डात बातचा कप्पा आहे का, आणि बात भरायचा आजचा दर काय. सगळ्या बँकांच्या कार्डांत बात नसतो. बात भरले आणि संपले, तर कार्ड बहुतेक वेळा गुपचूप दुसऱ्या कप्प्यातून पैसे घेतं आणि तोच आकार लावतं. शिल्लक ॲपवर बघा. परदेशी एटीएमवर शिल्लक बघायलाही अनेक कार्डं पैसे कापतात.

दर आज पक्का होतो, हा या कार्डाचा खरा गुण. रुपया घसरत असेल तर ते सोयीचं आहे. आठवड्याच्या सहलीला त्याने फारसा फरक पडत नाही, सहा महिन्यांच्या शिक्षणाला पडू शकतो.

९. माझ्या क्रेडिट कार्डावर नेमका किती आकार लागतो ते कुठे दिसेल?

कार्डासोबत आलेल्या आकारांच्या तक्त्यात "फॉरेन करन्सी मार्कअप" अशी ओळ असते. बहुतेक साध्या कार्डांवर ती ३.५ टक्के, वरच्या कार्डांवर दोनच्या आसपास, काहींवर शून्य. मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून ३.५ चे प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतात. व्हिसा किंवा मास्टरकार्डचा मूळ दर बाजारभावाला चिकटून असतो, त्याची काळजी करू नका.

शून्य मार्कअपच्या कार्डाला वार्षिक फी आहे का, मुदत ठेव ठेवावी लागते का, हे पाहून मगच घ्या. दोन-तीन हजार रुपये वाचवायला दोन हजारांची फी भरण्यात राम नाही. निघण्यापूर्वी ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. नवी कार्डं सुरुवातीला फक्त देशात चालतात. दुकान, एटीएम आणि टॅप असे तिन्ही खटके वेगळे असतात, तेव्हा लागतील तेवढेच चालू करा.

१०. दुकानदाराने मशीनवर "रुपयांत की बातमध्ये" विचारलं. रुपये बरे ना, आकडा कळतो?

नाही. नेहमी बात. रुपये निवडले की चलन बदलण्याचं काम तुमच्या बँकेऐवजी दुकानाच्या बँकेकडे जातं आणि ती आपल्या मर्जीचा दर लावते. पाच टक्के चढवलेला दर काही विशेष नाही. शिवाय आपल्याकडच्या अनेक बँका रुपयांत झालेल्या अशा परदेशी व्यवहारावर वर एक टक्का आणि त्यावर जीएसटी आकारतात. मार्कअप नसलेलं कार्ड असेल तर तोटा आणखी टोचतो, कारण ज्यासाठी ते घेतलं तेच हातचं गेलं.

क्राबीत ४,००० बातचं बिल झालं असं धरा. मशीनवर `THB 4,000.00` आणि `INR 11,812.50` असे दोन पर्याय दिसतील. पहिला घेतला तर शून्य मार्कअपच्या कार्डावर सुमारे ११,२८० रुपये लागतील. दुसऱ्यात बँकेचा एक टक्का आणि त्यावरचा जीएसटी धरून ११,९५२. एका बटणाचे पावणेसातशे रुपये. कधी दुकानदार स्वतःच रुपये दाबून पावती पुढे करतो. सही किंवा पिन देण्याआधी पावतीवर `THB` आहे का बघा. नसेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा, ते होतं.

११. तिथल्या एटीएममधून काढले तर?

दोन आकार लागतात. थायलंडमधली बहुतेक एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बात किंवा त्याहून जास्त घेतात, कार्ड कोणतंही असो. त्यात तुमच्या बँकेचा आकार मिळवा. डेबिट कार्डावर तो अनेकदा दर वेळी शंभर-दीडशे रुपये आणि त्यावर मार्कअप, फॉरेक्स कार्डावर ठरावीक छोटी रक्कम.

२,००० बात काढायला २२० गेले तर ते ११ टक्के झाले, २०,००० काढले तर १.१ टक्का. रोज थोडे काढायची मुंबईतली सवय तिथे नडते. एटीएमसुद्धा दहाव्या प्रश्नातला सवाल विचारतं, फक्त तो दराच्या पानावर लपवलेला असतो. तिथे `Decline conversion` किंवा `Without conversion` दाबा. व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतात.

क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. त्यावर काढल्या दिवसापासून व्याज चालू होतं.

१२. मग आमच्या उदाहरणातल्या जोडप्याने नेमकं काय न्यावं?

थायलंडमध्ये रस्त्यावरचं खाणं, टुकटुक, लाँगटेल होडी, बाजार आणि मसाज हे बहुतेक रोखीने चालतं. छोटी दुकानं कार्डावर तीन टक्के जादा मागतात. तिथल्या लोकांचा क्यूआर कोड सगळीकडे दिसतो, पण त्याला बहुधा थाई बँकेचं खातं लागतं. म्हणून रोखीचा वाटा युरोपपेक्षा बराच मोठा ठेवावा लागतो.

आम्ही ३२,००० बातपैकी साधारण २०,००० रोख धरू. त्यासाठी शहरातून शंभरच्या सहा नोटा आणि थोडे लहान डॉलर, आणि ते सहाव्या प्रश्नात सांगितल्याप्रमाणे तपासून. उरलेले १२,००० बात मॉल, मोठी हॉटेलं आणि सहलींच्या बुकिंगसाठी कार्डावर. मार्कअप नसलेलं असेल तर उत्तम, नसेल तर घरातलं साधं कार्डही चालेल. १२,००० बातवर साध्या कार्डाने सुमारे १,४०० रुपये जास्त जातील. तेवढ्यासाठी नवं फॉरेक्स कार्ड काढायची गरज नाही. दुसरं कार्ड दुसऱ्या बँकेचं, दुसऱ्या माणसाच्या पाकिटात ठेवा.

१३. हॉटेलने अनामत म्हणून कार्डावरचे पैसे अडवले, ते परत येत नाहीत.

अनामत रक्कम खात्यातून जात नाही, अडकून राहते. हॉटेलने सोडली तरी बँकेत सुटायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे जातात. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर हे झालं तर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सहलीभर वापरता येत नाहीत. अनामतीला नेहमी क्रेडिट कार्ड द्या, तिथे फक्त मर्यादा कमी दिसते. रोख अनामत घेणाऱ्या हॉटेलात पावती सांभाळा.

१४. इथूनच हॉटेल रुपयांत बुक केलं, तरी बिलात परदेशी आकार कसा?

किंमत रुपयांत दाखवली तरी पैसे घेणारी कंपनी परदेशात नोंदलेली असेल तर बँक तो व्यवहार परदेशी धरते. दहाव्या प्रश्नातला एक टक्का इथेही लागतो. पैसे परदेशी चलनात घेतले गेले असतील आणि बुकिंग रद्द झालं, तर परतावा त्या दिवशीच्या दराने येतो, त्यामुळे दिले तेवढेच रुपये परत मिळतील असं नाही.

१५. चलन घेताना वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापतात म्हणे?

या जोडप्याचा कापला जाणार नाही. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपुढे गेलेल्या रकमेवरच तो लागतो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे, आधी ती ७ लाख होती. नोटा, फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्ड या सगळ्यांची बेरीज धरतात. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या त्यात येत नाही. कापला गेलाच तर तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो. पण तोवर पैसा अडकतो. शिक्षण, उपचार आणि सहलीचं पॅकेज यांचे नियम वेगळे आहेत.

१६. ओळखीतला माणूस पावतीशिवाय रुपयाने स्वस्त डॉलर देतो. घ्यावेत का?

घेऊ नका. परवाना नसलेल्याकडून परकीय चलन घेणं म्हणजे परकीय चलनाच्या फेमा कायद्याचा भंग. नोट बनावट निघाली तर ती बँकॉकच्या काउंटरवर कळते आणि तिथे जाब तुम्हाला विचारतात. हजार डॉलरवर हजार रुपये वाचतात, त्यासाठी ही जोखीम नको. परवानाधारक मनीचेंजरची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, आणि दुकानात परवाना लावलेला असतो.

१७. मुलगा अमेरिकेहून आला तेव्हा त्याने दिलेले डॉलर घरात आहेत. ते नेले तर?

चालतात. अनिवासी माणसाने भारतात आला असताना भेट दिलेले, किंवा तुम्हाला परदेशात भेट मिळालेले डॉलर, २,००० पर्यंत जवळ ठेवता आणि वापरता येतात. अशांवर खरेदीचा खर्च शून्य, तेव्हा आधी तेच संपवा. नोटा जुन्या छपाईच्या नाहीत ना, तेवढं बघा.

१८. उरलेल्या बातचं काय करू?

थायलंडमध्येच संपवा. इथे मनीचेंजर बात घेतात, पण विक्रीच्या दरापेक्षा बऱ्याच खालच्या दराने, आणि नाणी कोणी घेत नाही. शेवटच्या दिवशी हॉटेलचं बिल अर्धं रोख, अर्धं कार्डाने देता येतं, तेव्हा आधी रोख मोजून द्या आणि उरलेलं कार्डावर टाका.

डॉलर उरले तर घाई नको. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. त्याहून जास्त असतील तर परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा मनीचेंजरकडे विकाव्या लागतात. खरेदीची पावती तोवर जपून ठेवा, विकताना मागतात.

१९. तिकडे कार्ड हरवलं तर?

आधी ॲपमधून कार्ड बंद करा, मग बँकेला फोन. भारतातले १८००ने सुरू होणारे फुकट क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाहीत, म्हणून +९१ने सुरू होणारा क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये आणि कागदावर लिहून ठेवा. भारतीय सिम रोमिंगवर चालू असू द्या. ऑनलाइन व्यवहाराचा ओटीपी त्यावरच येतो, आणि थाई सिम घालून आपलं काढून टाकलेल्यांची अडचण इथेच होते. फॉरेक्स कार्डासोबत काही बँका दुसरं, जोडीचं कार्ड देतात. ते घरी ठेवून उपयोग नाही, सोबत न्या, पण वेगळ्या बॅगेत.